तिन्ही पानं जुळवायची तर सुरुवात रिपॉझिटरीपासून

प्रश्न: मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका सीनियरनं सांगितलं की माझ्या लिंक्डइनवर एक, वेबसाइटवर दुसरं आणि गिटहबवर तिसरंच दिसतं. प्रोजेक्ट तर एकच आहे. नेमकं कुठलं खरं धरून बाकीचं बदलू?

उत्तर:

गिटहब खरं धरा. लिंक्डइन आणि वेबसाइटवर आपण आपल्याबद्दल लिहितो. रिपॉझिटरीत मात्र तारखा, फाइली आणि कुणी काय लिहिलं हे काम करता करता आपोआप साठत जातं. फक्त एक अडचण आहे. गिटहबचं पानही कधीकधी चुकीचं बोलतं, आणि ते आधी सरळ केलं नाही तर बाकीची दोन पानं चुकीच्या गोष्टीला जुळवली जातात.

मी राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. फ्रेशरचे अर्ज आले की चाळणी माझ्याकडे असते, आणि मी खरोखरच तीन टॅब शेजारी शेजारी उघडून बसतो. मागच्या वर्षी आलेल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

प्रोजेक्ट चांगला होता. शिरोलीतल्या एका फाउंड्रीत रिजेक्ट झालेल्या कास्टिंगची नोंद सुपरवायझर वहीत करायचा: हीट नंबर, पार्ट, दोष ब्लो होल की सँड ड्रॉप की कोल्ड शट, आणि नग किती. तीन मुलांनी ती वही फ्लास्कच्या एका छोट्या ॲपमध्ये आणली. मागे एसक्यूलाइट, पुढे साधी एचटीएमएल पानं. शिफ्ट संपली की कुठल्या दोषाचे किती नग, एवढं दिसायचं.

आता तीन टॅब बघा. लिंक्डइनवर लिहिलं होतं, 'मशीन लर्निंगवर आधारित दोष-भाकीत प्रणाली विकसित केली', आणि कौशल्यांत पायथन, मशीन लर्निंग, रिॲक्ट, मायएसक्यूएल. वेबसाइटवर तोच प्रोजेक्ट 'फुल स्टॅक' म्हणून, खाली '९२ टक्के अचूकता'. गिटहबवर `final-year-project-main` नावाचा फोर्क, README.md रिकामी, आणि भाषांच्या पट्टीवर ज्युपिटर नोटबुक ९१ टक्के, पायथन जेमतेम ५. बघणाऱ्याला वाटणार की यानं ॲप लिहिलंच नाही, नुसती नोटबुकं चाळलीत. म्हणजे दोन पानं फुगवून बोलत होती आणि तिसरं त्याला कमी लेखत होतं.

ती पट्टी कशी बनते ते बघू. गिटहब डीफॉल्ट ब्रँचवरच्या फाइलींचे बाइट मोजतं. ओळी किंवा कष्ट मोजत नाही. नोटबुकमध्ये काढलेला प्रत्येक आलेख त्या फाइलीतच चित्र म्हणून मजकुराच्या रूपात साठतो. दहा-बारा आलेख असले की ती एक फाइल अख्ख्या ॲपपेक्षा जड होते. आउटपुट पुसून टाकले तर आकडा सुधारेल, पण मग गिटहबवर नोटबुक उघडणाऱ्याला आलेखच दिसणार नाहीत, आणि बघण्यासारखं तर तेच असतं. त्यापेक्षा रिपॉझिटरीच्या मुळाशी `.gitattributes` नावाची फाइल करा आणि त्यात ही एक ओळ टाका:

```
*.ipynb linguist-detectable=false
```

पुश केल्यावर थोड्या वेळानं पट्टी नव्यानं मोजली जाते. नोटबुक जागेवरच राहतं, फक्त मोजणीत धरलं जात नाही. अर्थात तुमचं मुख्य काम नोटबुकमधलंच असेल तर ही ओळ टाकू नका. तिथं ९१ टक्केच खरं आहे.

दुसरा घोळ फोर्कचा. मूळ रिपॉझिटरी मित्राच्या खात्यावर होती आणि यानं ती आपल्याकडे फोर्क करून घेतली होती. फोर्कमध्ये केलेले कमिट प्रोफाइलवरच्या हिरव्या चौकटींत मोजले जात नाहीत. मित्राच्या मूळ रिपॉझिटरीत तुमचं काम मर्ज झालेलं असेल तर फोर्क बाजूला ठेवा आणि मूळच पिन करा. दुसऱ्याच्या मालकीची असली तरी आपण योगदान दिलेली सार्वजनिक रिपॉझिटरी पिन करता येते. एकूण सहाच जागा आहेत. त्यातली एक रिकाम्या फोर्कवर घालवू नका.

तिसरं सगळ्यात जास्त वेळा दिसतं. कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवरून केलेले कमिट भलत्याच ईमेलनं जातात आणि गिटहबवर त्यांच्यापुढे तुमचा फोटो येत नाही. हे असं तपासा:

```
git log --format='%ae' | sort | uniq -c
git shortlog -sn --no-merges HEAD
```

पहिल्या आज्ञेत तुमचा एखादा जुना पण खरा ईमेल निघाला तर तो गिटहबच्या सेटिंग्जमध्ये जोडून पडताळून घ्या; जुने कमिट तुमच्या नावावर येतात. पत्ता `student@lab-pc.local` असल्या थाटाचा असेल तर तो जोडता येत नाही. त्यासाठी सगळा इतिहास नव्यानं लिहायच्या भानगडीत पडू नका, टीमच्या रिपॉझिटरीत तर मुळीच नको. README मध्ये कुठला भाग कुणी केला ते लिहिलं की पुरे. दुसरी आज्ञा कुणाचे किती कमिट ते सांगते. त्यावरून कामाचा वाटा ठरत नाही (एकजण दिवसाला वीस कमिट करतो, दुसरा आठवड्याला एक), पण ज्याचे दोनच कमिट आहेत त्यानं 'टीमचं नेतृत्व केलं' असं लिहिलं असेल तर मी विचारणारच.

त्या मुलाला आम्ही बोलावलं. मी विचारलं, "भाकीत ॲपमध्ये कुठं दिसतं?" तो म्हणाला, "ॲपमध्ये न्हाई सर, नोटबुकमध्ये करून बघितलं होतं." मग ९२ टक्क्यांचं विचारलं. त्याच्या डेटात शंभरातल्या साधारण आठ नोंदी रिजेक्टच्या होत्या. काहीही न शिकता प्रत्येक नोंदीला 'चांगलं' म्हणत गेलं तरी अचूकता ९२ च येते. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. खरं तर आकडा खोटा नव्हता, फक्त त्याला काही अर्थ नव्हता. रिजेक्ट झालेल्यांपैकी किती पकडले हे तो सांगू शकला असता तर तेच वाक्य भारी ठरलं असतं.

त्यानंतर आम्ही दोघांनी त्याच्या प्रोजेक्टचं एक वाक्य बनवलं. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत त्याचा अर्थ असा:

'फाउंड्रीतल्या रिजेक्शन वहीऐवजी फ्लास्क-एसक्यूलाइट ॲप, तिघांची टीम, माझ्याकडे डेटाबेस आणि शिफ्टचा अहवाल, कॉलेज डेमो, प्रत्यक्ष वापरात नाही.'

काय आहे, किती जणांचं, त्यातलं माझं काय आणि आज कुठल्या अवस्थेत आहे, एवढ्या चारच गोष्टी. शेवटची बहुतेक जण गाळतात. हेच वाक्य, शब्द न बदलता, गिटहबच्या अबाउटमध्ये, README च्या पहिल्या ओळीत, वेबसाइटच्या कार्डवर आणि लिंक्डइनच्या प्रोजेक्ट विभागात गेलं. लिंक्डइनवर खाली दोन-चार ओळी जास्त लिहिल्या तर चालतं. पहिलं वाक्य तेच हवं. महिना-वर्षसुद्धा आठवणीनं टाकू नका. पहिल्या आणि शेवटच्या कमिटची तारीख बघून टाका. काम संपलंय, आता हात लावणार नाही, असं असेल तर रिपॉझिटरी अर्काइव्ह करा. ती फक्त वाचता येते आणि वर तशी पट्टी दिसते, म्हणजे 'दोन वर्षं काही हललं नाही' हा प्रश्नच येत नाही.

कौशल्यांसाठी आम्ही कागदावर दोन रकाने केले: डावीकडे कौशल्य, उजवीकडे ते जिथं दिसतं ती फाइल. पायथनपुढे `app.py`. एसक्यूएलपुढे `schema.sql`. मायएसक्यूएल खोडलं, कारण वापरलं होतं एसक्यूलाइट. रिॲक्टपुढे काहीच येईना. "कोर्स केलाय सर," म्हणाला. कोर्स केला असेल तर तो प्रमाणपत्रांत जाऊ दे, प्रोजेक्टच्या कौशल्यांत नको. मशीन लर्निंग राहिलं, पण 'प्रयोग' म्हणून, नोटबुकच्या लिंकसकट. लिंक्डइनवर कौशल्य एखाद्या प्रोजेक्टला जोडायची सोय आहे; हा कागद हातात असला की पाच मिनिटांचं काम.

इंटर्नशिपचा कोड कंपनीचा आणि खासगी असेल तर तो गिटहबवर दिसणार नाही, आणि ती विसंगती नव्हे. वेबसाइटवर 'कोड कंपनीचा आहे' एवढं लिहून मोकळे व्हा. तो कोड स्वतःच्या खात्यावर चढवायचा मोह मात्र टाळा.

आता नाव बदलताना एक सांभाळा, माझेच हात पोळलेत. `final-year-project-main` चं नाव `rejection-register` केलं तर गिटहब रिपॉझिटरीचा जुना पत्ता नव्याकडे वळवतं. पण त्याच रिपॉझिटरीवरून गिटहब पेजेस चालत असेल तर त्या साइटचा जुना पत्ता वळत नाही, सरळ ४०४ येतो. मी एकदा हौसेनं नाव बदललं आणि पुण्यातल्या एका कंपनीच्या मुलाखतीत समोरच्यानं स्क्रीन फिरवून मला माझंच ४०४ दाखवलं. लिंक्डइनवर जुनी लिंक तशीच होती. युजरनेम बदलणं तर याहून वाईट, कारण तिथं जुन्या प्रोफाइलची लिंकच मरते. म्हणून आधी नावं कायमची ठरवा, मग लिंका वाटा.

लिंक्डइन बदलायला बसण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवण्याचा पर्याय बंद करा. नाहीतर जुन्या इंटर्नशिपची तारीख दुरुस्त करताना मावसभावापासून सगळ्यांचे 'अभिनंदन' येतात.

सगळं झालं की तिन्ही पानं मोबाइलवर, वायफाय बंद करून आणि लॉगआउट होऊन उघडा, आणि प्रत्येक लिंक दाबा. त्या मुलाच्या वेबसाइटवर 'लाइव्ह डेमो' असं मोठं बटण होतं. त्याच्या लॅपटॉपवर ते कायम चालायचं, म्हणून त्याला कधी शंकाच आली नाही. बटणामागचा पत्ता होता `http://localhost:5000`.