आत्याचा भाचा की आत्याचा पुतण्या?

प्रश्न: "पोलीस भरतीची तयारी करतोय. नातेसंबंधाच्या गणितात भावाचा मुलगा आला की मी डोळे झाकून 'पुतण्या' लिहितो, पण एका सराव पेपरात उत्तर 'भाचा' दिलंय. छपाईची चूक आहे का? आकृती तर माझी बरोबर होती."

चूक नाहीये बहुतेक. बोलणारी बाई होती का ते आधी बघ. मराठीत भावाचा मुलगा पुरुषाचा पुतण्या असतो पण बाईचा भाचा असतो, म्हणूनच आपण 'काका-पुतण्या' म्हणतो आणि 'आत्या-भाचा' म्हणतो, 'आत्या-पुतण्या' कधी कानावर पडतं का? बाईला पुतण्या असतोच, पण तो दिराचा मुलगा, म्हणजे जो तिला काकू म्हणतो तो. मी लहानपणी पाहुण्यांसमोर "मी हिचा पुतण्या" असं म्हणालो तर आत्या तिथल्या तिथे म्हणाली, "मी काय तुझी काकू आहे का रे?" तेव्हापासून पक्कं डोक्यात बसलंय.

हा घोळ बऱ्याचदा हिंदी व्हिडिओंवरून येतो असं माझं मत आहे. हिंदीत भावाचा मुलगा भतीजाच, मग बोलणारा भाऊ असो की बहीण, बुआचाही भतीजाच. आपली पोरं भतीजा म्हणजे पुतण्या असं पाठ करतात आणि आत्या आली की गाडी घसरते. भाषांतर करून घेतलेल्या प्रश्नांतही तेच होतं, इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच नेफ्यू, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याने जो शब्द टाकला तो टाकला.

आता आकृतीबद्दल. आकृती बरोबर असूनही उत्तर चुकतं कारण आकृती फक्त रस्ता दाखवते, शब्द कुठल्या टोकाला उभं राहून बोलायचा ते आपण ठरवायचं असतं. हे बघ एक मी बनवलेलं:

सुमन ही किरणची बहीण आहे. वसंत आणि कमल या जोडप्याला सुमन आणि किरण ही दोनच अपत्यं. रोहन हा किरणचा मुलगा. मीना ही कमलची सून. तर सुमन रोहनची कोण?

पहिल्याच वाक्यात बरेच जण फसतात. 'किरणची' यातला 'ची' बहिणीमुळे आलाय, किरणमुळे नाही, त्यामुळे सुमन बाई आहे एवढंच कळलं, किरण मुलगा की मुलगी ते अजून कळलेलं नाही. तिथे सरळ प्रश्नचिन्ह टाकायचं, नावावरून अंदाज करायचा नाही (किरण दोन्ही असतात, सुमनही पुरुषाचं नाव असू शकतं, इथे 'ही' आणि 'बहीण' म्हणून वाचलो). दुसऱ्या वाक्याने वरची पिढी मिळाली, तिसऱ्याने खालची. पुरुषाला अधिक, बाईला उणे, नवरा-बायकोमध्ये बरोबरचं चिन्ह, भावंडांमध्ये आडवी रेघ:

```
वसंत(+) = कमल(-)
         |
 सुमन(-) --- किरण(?)
               |
            रोहन(+)
```

इथे थांबलास तर सुमन आत्याही होऊ शकते आणि मावशीही. शेवटचं वाक्य ऐनवेळी कामाला येतं: कमलला सून आहे म्हणजे मुलगा पाहिजे, अपत्यं दोनच, सुमन मुलगी, म्हणजे किरण मुलगा आणि मीना त्याची बायको. प्रश्नचिन्ह खोडून अधिक केलं की सुमन रोहनची आत्या. मीनाचं वाक्य नुसती भर म्हणून सोडून देणारे 'ठरवता येत नाही' वर गोल करतात.

गंमत म्हणजे हाच प्रश्न उलटा विचारला असता, रोहन सुमनचा कोण, तर मीनाच्या वाक्याची गरजच नव्हती. किरण भाऊ असला तरी रोहन भाचा आणि बहीण असली तरी भाचाच. त्यामुळे 'कोणाचा कोण' हे वाचून, ज्याचं नातं विचारलंय त्याच्या नावाभोवती गोल करून मग आकृती काढत जा, माझ्या निम्म्या चुका तिथेच थांबल्या होत्या.

शब्द अडला की मी उलटं विचारतो, समोरचा पोरगा मला काय म्हणेल? मामा, मामी, आत्या, मावशी म्हणत असेल तर भाचा, काका-काकू म्हणत असेल तर पुतण्या. याला एक भोक आहे. मावशीच्या यजमानांनाही आपण काकाच म्हणतो, पण त्यांच्यासाठी तू बायकोच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचाच. पेपरात साडूचा मुलगा आला तर तेवढं सांभाळ.