लोकरी गालिच्यावरचं च्युइंगम: बर्फ लावूनही तार सुटत असेल तर

*प्रश्न: नेरुळला राहते. आईने दिलेला लोकरी गालिचा आहे, त्यावर भाच्याने च्युइंगम टाकलं आणि कोणीतरी पाय देऊन दाबलं. बर्फ लावला, पण खरवडायला गेलं की चिवट तारा निघतात. बर्फाचा उपाय खोटा आहे का? कात्रीने कापून टाकू, की धुणाऱ्यांना बोलावू?*

ताई, कात्री खाली ठेवा आणि फोनही करू नका. निदान आज तरी नको. चार वर्षांपूर्वी पाचपाखाडीच्या घरात मी अगदी इथेच अडकले होते, आणि दोन्हींपैकी वाईट पर्याय निवडला होता.

आधीच सांगते, मी गालिच्यांच्या धंद्यातली नाही. एक गालिचा बिघडवला आणि एक वाचवला, एवढीच माझी पात्रता.

बर्फाचा उपाय खोटा नाही, तुमचा बर्फ कमी वेळ होता. च्युइंगमचा गाभा रबरासारखा असतो. घरातल्या उष्णतेला तो लवचीक राहतो, पुरता गारठला की काचेसारखा ठिसूळ होतो. मधल्या अवस्थेत मात्र तो सगळ्यात चिवट असतो, आणि तारा सुटतात त्या तिथेच. त्यात लोकर म्हणजे उष्णता अडवणारी वस्तू. आपण स्वेटर घालतो तो त्याचसाठी. वरून बर्फ ठेवला की च्युइंगमचा वरचा पापुद्रा पाच मिनिटांत कडक होतो, पण केसांत रुतलेला खालचा भाग मऊच राहतो. वर नख लावून ‘झालं कडक’ म्हणायचं, चमचा घालायचा आणि खालून तार सुटायची. मीही तेच केलं होतं. पाचेक मिनिटं बर्फ, मग खरवडणं, मग वैताग.

त्या वैतागातच गालिचे-सोफे धुऊन देणाऱ्या एका मंडळींना बोलावलं. नाव लिहीत नाही, भांडायची ताकद आता उरलेली नाही. त्यांचा मुलगा वाफेचं मशीन घेऊन आला. मी म्हटलं, ‘अहो, लोकर आहे, च्युइंगम आहे, गरम चालेल का?’ तो म्हणाला, ‘मॅडम, आमचं रोजचं काम आहे.’ दहा मिनिटांत रुपयाएवढा डाग आमटीच्या वाटीएवढा झाला. च्युइंगम वितळून केसांच्या मुळापर्यंत, गाठींपाशी पोचलं. वर तो भाग चिंब भिजला, जुलै महिना, चार दिवस पंख्याखाली ठेवूनही आंबट वास जाईना. वाळल्यावर कडेला तपकिरी रेघही उमटली. तक्रारीला फोन केला तर उत्तर आलं, ‘डाग आधीपासून होता ना?’ पैसे अर्थातच पूर्ण घेतले होते. असो.

दुसऱ्या वेळेला मुलीच्या मैत्रिणीने तोच पराक्रम दुसऱ्या गालिच्यावर केला, तेव्हा मी हट्टाने फक्त थंडच केलं. ते जरा सविस्तर सांगते.

डाग रुपयाएवढाच, पण दाबलेला. एकात एक अशा दोन झिपलॉक पिशव्या घेतल्या, आतल्या पिशवीत कुटलेला बर्फ आणि त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं जाडं मीठ. मिठामुळे बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, आणि फरक तिथेच पडतो. पिशव्या दोन का? मिठाचं पाणी लोकरीत उतरलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो कोपरा कायम दमट लागतो. पिशवी नीट पुसून, खाली पातळ प्लास्टिक घालून डागावर ठेवली, वर टॉवेलची घडी आणि खलबत्त्यातला खल वजनाला. वीस मिनिटं हात लावला नाही. मीठ नसेल तर गुडघ्याला लावायचा जेल पॅक फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून वापरा. तो गळत नाही, म्हणून मला तर तोच जास्त आवडतो. त्याला अर्धा तास द्या.

तयार झालं हे ओळखायचं कसं? चमच्याच्या मागच्या बाजूने हलकंच ठोका. दगडासारखा ‘टक्’ आवाज आला तर ठीक. दबलं किंवा खळगा पडला तर पिशवी परत ठेवा. कडक झाल्यावर खरवडू नका, आधी फोडा. चमच्याच्या दांड्याने मधोमध ठोकलं की तडे जातात. मग बोथट लोण्याच्या सुरीने कडेकडून मध्याकडे एकेक तुकडा उचकटायचा, केसांच्या कलाने, उलट नाही. दुसऱ्या हाताने त्या भागातले केस बुडाशी धरून ठेवायचे, म्हणजे ओढ गाठीवर येत नाही. बोटं च्युइंगमला मात्र लावू नका, तेवढ्या उबेने ते परत मऊ होतं.

आणि घाई इथे करा, आधी नाही. उन्हाळ्यात ठाण्यात पिशवी उचलल्यावर तुमच्या हातात जेमतेम मिनिट असतं. एसी असेल तर त्याच खोलीत करा. सुटलेला चुरा लगेच व्हॅक्यूमच्या नळीने ओढा, नाहीतर तो दोन मिनिटांत वितळून नव्या चार ठिकाणी चिकटतो. पहिली तार दिसली की थांबा आणि पिशवी परत ठेवा. मला चार फेऱ्या लागल्या, सगळं मिळून दीड तास. तिसऱ्या फेरीनंतर ‘हे निघणार नाही’ असं वाटतं, तेव्हाच फोनकडे हात जातो. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

शेवटी केसांवर पातळ चिकट थर उरला, तो बर्फाने जात नाही. आधी गालिचा उलटा करून पाहा. मागे गाठी दिसत असतील तर तो हाताने गाठी मारून विणलेला आहे. अशा गालिच्यावर ड्रायक्लीनिंगचं द्रावण पांढऱ्या सुती कापडाला थोडंसं लावून नुसतं टिपा. आधी कोपऱ्यात रंग सुटतो का ते बघा, खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवा विझवा. पण मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. त्याचे केस रबराच्या चिकाने धरलेले असतात आणि असं द्रावण खाली झिरपलं तर तो चीकच सुटतो. तिथे मी थर तसाच ठेवीन आणि जाणत्या माणसाला दाखवीन. खोबरेल तेल, शेंगदाण्याचं बटर वगैरे सांगणारे भेटतील. च्युइंगम निघतं, तेलाचा डाग राहतो. ब्लीच तर लोकरीला लावायचंच नाही, लोकर विरते.

तुमच्या तारा आधीच सुटल्यात, त्या ओढू नका. डागाच्या वर गोळा करून ठेवा आणि पहिल्या फेरीत त्यांच्यासकट गोठवा. कात्रीबद्दल इतकंच, की फेऱ्या संपल्यावर एखाद-दुसऱ्या केसाच्या टोकाला कण चिकटलेला राहिला तर तेवढंच टोक नखाएवढं कापलं तरी कळत नाही. पूर्ण गोळा कापला तर खड्डा पडतो, आणि मग सोफ्याचा पाय कायमचा त्यावर ठेवावा लागतो. आमच्या जुन्या गालिच्याच्या त्या कोपऱ्यावर तो अजून आहे.