पॅकेट गळतीचं तिकीट: सहाव्या हॉपला दोष देऊ नकोस

भावा, तुझं तिकीट पाठवण्याआधी थांब. पॅकेट्सची वाट तपासणाऱ्या mtr मध्ये सहाव्या हॉपवर, म्हणजे वाटेतल्या सहाव्या राउटरवर, ६० टक्के लॉस दिसला म्हणून तू त्या राउटरवर बोट ठेवलंयस, पण खाली शेवटच्या हॉपवर लॉस शून्य आहे. म्हणजे तो राउटर mtr ला उत्तर द्यायला कंटाळा करतोय, तुझी पॅकेट्स मात्र पुढे नीट पाठवतोय. गळती खरी असेल तर ती एका हॉपपासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकते. नवखे इथंच फसतात, आणि सपोर्टवाले तेवढ्यावर तिकीट बंद करतात.

गळती चालू असतानाच हे चालव:

```
date -u; mtr -rwbzc 300 SERVER_IP
```

याला पाचेक मिनिटं लागतात. दहा पॅकेट्सच्या चाचणीत एक हरवलं की लगेच १० टक्के दिसतं, त्याला कोण विचारतो? मग सर्व्हरवरून तुझ्या सांगलीच्या घरच्या पब्लिक आयपीकडेही तेच चालव. परतीची वाट वेगळी असू शकते, आणि बिघाड तिथंच असला तर एकतर्फी आउटपुटमधून तो कुठल्या हॉपवर आहे ते कळत नाही.

वेळ यूटीसीत लिही: रात्री ९:४० म्हणजे १६:१०. मी एकदा नुसतं 'साडेनऊला' लिहिलं होतं. त्यांनी भलत्याच वेळेचे लॉग चाळले, दोन दिवस गेले. तुटल्याची आणि सुरळीत झाल्याची, दोन्ही वेळा दे. गळती नसतानाचं एक आउटपुटही सोबत जोड. स्क्रीनशॉट नको, मजकूरच चिकटव.

टीसीपीची चाचणी त्यांनी मागितली तर बघू.