संध्याकाळी घोट्यांना येणारी सूज

प्रश्न: आईचं वय ७२. रोज संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, सकाळी उतरतात. बीपीची गोळी चालू आहे. काळजीचं आहे का?

उत्तर: सकाळपर्यंत पूर्ण उतरत असेल तर बहुधा नाही, या वयात पायांच्या शिरांमधल्या झडपा सैल होतात आणि दिवसभराचं पाणी खाली साठतं. पण आधी गोळीचं नाव बघा. अ‍ॅम्लोडिपिन असेल तर सूज तिच्यामुळेही असू शकते, आणि ती मीठ कमी करून फारशी हटत नाही. डॉक्टर डोस किंवा गोळी बदलतात; स्वतःहून बंद करू नका. स्टुलावर पाय ठेवणं पुरत नाही. आडवं होऊन पाय छातीपेक्षा उंच, साधारण अर्धा तास, दिवसातून दोन-तीनदा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, लोणचं-पापड धरून.

हे दिसलं तर मात्र थांबू नका:
- आडवं होताच धाप, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं: हृदय. धाप लागत असेल तर पाय उंच करू नका, लगेच दवाखाना गाठा.
- सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवीला न विरणारा फेस: मूत्रपिंड. लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासा.
- एकाच पायाला अचानक, दुखरी सूज: रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.