उशिरा पोहायला शिकणाऱ्या ताईंसाठी

हातपाय मारण्याची घाई करू नका. आधी पाण्यात श्वास सोडायला शिका. आपल्या मराठवाड्यात मुलांना कमरेला भोपळा बांधून विहिरीत उतरवतात, मुली मात्र बहुधा काठावरच राहतात. परभणीकडची अशीच एक मुलगी पदवी झाल्यावर माझ्याकडे तलावावर शिकायला आली. छातीइतक्या पाण्यातही ती कठड्याचा गज घट्ट धरून उभी राही, आणि तोंड पाण्यात घालताच श्वास कोंडून, मान ताठ करून लगेच वर येई.

कोंडलेल्या श्वासाने छाती भरून येते आणि जीव घाबरा होतो, म्हणून मी तिला गज धरूनच नाक पाण्याखाली नेऊन हळूहळू बुडबुडे सोडायला लावले. बुडबुडे सलग येऊ लागले, खांदे खाली आले, तेव्हाच आम्ही पुढे गेलो. तरंगण्यापेक्षा, तरंगताना पुन्हा उभे कसे राहायचे हे मी तिला आधी शिकवले: गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचे, पाय तळाला टेकल्यावरच डोके वर काढायचे. डोके आधी उचलले की पाय मागेच राहतात आणि नाकातोंडात पाणी जाते. तिचेही प्रथम तसेच झाले. हे जमल्यावर तिने गज आपणहून सोडला.

तुम्हीही एवढेच आधी करा, जाणकार माणूस हाताच्या अंतरावर ठेवून. विहिरीत, शेततळ्यात मात्र इतक्यात उतरू नका; शेततळ्याच्या प्लास्टिकच्या निसरड्या उतारावर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.