फोटोतल्या मार्कांवरून एसडी, म्हणजे प्रमाण विचलन, काढताय ना, मग आधी हे बघा

अहो मॅडम, फॉर्म्युल्याला हात लावायच्या आधी फोटो झूम करून आकडे नीट वाचा, कारण हाताने लिहिलेला ९ आणि १ हमखास फसवतो, आणि आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात कागद दमट झाला की शाई फुटते ती वेगळीच.

समजा २० पैकी मार्क असे आहेत: १२, १५, ९, १४, १८, १०, १४, १२, आणि नववा मुलगा गैरहजर. बेरीज १०४, सरासरी १३. कागदाखाली सरांनी टोटल लिहिलेली असेल तर ती आधी जुळवा, तुमची ९६ आली तर समजा ९ चा १ झालाय. आता प्रत्येकाचा १३ पासूनचा फरक काढून त्याचा वर्ग करा, वर्गांची बेरीज ५८, भागिले ८ म्हणजे ७.२५, वर्गमूळ साधारण २.६९.

गैरहजराला ० टाकलंत तर हीच एसडी ४.८१ होते, म्हणून एक्सेल शीटमध्ये B2 ते B10 मध्ये मार्क भरताना त्याच्यापुढे 'गै' लिहा, हा फॉर्म्युला अक्षरं सोडून देतो:

```
=STDEV.P(B2:B10)
```

STDEV.S वापरू नका, ते ७ ने भागतं आणि २.८८ देतं, ते नमुन्यासाठी असतं, तुमच्याकडे तर परीक्षेला बसलेला अख्खा वर्ग आहे.