रेझ्युमेत ‘हार्डवर्किंग टीम प्लेयर’ऐवजी काय लिहू?

प्रश्न: अकाउंट्स असिस्टंट आहे, रेझ्युमेत ‘हार्डवर्किंग टीम प्लेयर’ऐवजी काय लिहू?

महिन्याला नक्की काय काम करता ते आकड्यासकट लिहा, उदा. ‘टॅलीत महिन्याला साधारण ३०० परचेस बिलांची एन्ट्री, जीएसटीआर-२बीशी मॅचिंग, जीएसटीआर-१चा डेटा ११ तारखेच्या आधी सीएंकडे’, आणि टीमचं दाखवायचं तर ‘स्टोअरवाल्यांसोबत बसून अडकलेली बिलं क्लिअर केली’. मी भरतीचे इंटरव्ह्यू घेतो, अशी ओळ दिसली की लगेच विचारता येतं, २बीत न दिसलेल्या बिलाचं काय करायचात? खरंच काम केलेला माणूस पटकन सांगतो की सप्लायरने रिटर्नमध्ये बिल दाखवलंच नव्हतं, फोन करून टाकायला लावलं, तोवर क्रेडिट थांबवलं. फक्त आकडा अंदाजे ठोकू नका, टॅलीच्या स्टॅटिस्टिक्स रिपोर्टमध्ये परचेसचे महिन्याचे व्हाउचर मोजलेले दिसतात तिथून घ्या, आणि पार्ट्यांची नावं, कंपनीची उलाढाल मात्र लिहू नका.